न झालेल्या लग्नाचा कागद

"माझा नवरा कुठाय?"

भाषांतर कार्यालयाच्या काउंटरवर कागद आपटत तिनं विचारलं. बाकावरची तीन-चार माणसं मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागली. कार्यालयाचा मालक उठून उभा राहिला. त्याला वाटलं, कुणाचातरी नवरा पळालाय आणि आळ आपल्यावर येतोय.

"ताई, इथे कुणी नवरा-बिवरा आलेला नाही."

"येईल कसा? तुम्हीच लावून दिलात ना! मी मुलगा बघितला नाही, हार घातला नाही, आणि तुम्ही माझं लग्न उरकून मोकळे झालात. सही-शिक्क्यासकट. आता सरळ पत्ता द्या. संसाराला लागते."

हॉस्पिटलात तिला तोफ म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, कारण तिला स्वतःलाच ते आवडलं. अतिदक्षता विभागात इतकी वर्षं काढलेली बाई. मरणाच्या उंबऱ्यावरची माणसं तिनं दमदाटी करून परत आणली होती. भाषांतरवाल्याला ती काय भीक घालणार!

कागद परदेशातल्या परिचारिका परिषदेच्या नोंदणी विभागाचा होता. तोफेला तिकडे नोकरी मिळाली होती, पण परिषदेच्या नोंदीत नाव चढल्याशिवाय कामाला हात लावता येत नव्हता. शिक्षणाची प्रमाणपत्रं जुन्या नावाची, पासपोर्ट नव्या नावाचा. दोघी एकच, याचा एकुलता एक पुरावा म्हणजे राजपत्रातली नाव बदलल्याची सूचना. परिषदेनं लिहिलं होतं: आपल्या अनुवादित सूचनेनुसार नावातील बदल विवाहामुळे झाला आहे; तरी विवाह प्रमाणपत्र पाठवावे, अन्यथा अर्ज निकाली काढता येणार नाही.

विवाह! तोफेनं हे वॉर्डात वाचलं तेव्हा सलाइन बदलता बदलता ती इतक्या मोठ्यानं "काय?" म्हणाली, की बेशुद्ध पेशंटच्याही पापण्या हलल्या, असं दुसरी सिस्टर शपथेवर सांगते.

खरी गोष्ट सरळ होती. बाप ती लहान असतानाच घरातून चालता झाला होता. जाताना कपाट रिकामं केलं, नाव तेवढं मागे ठेवून गेला. शाळेत, कॉलेजात, पगारपत्रकावर, सगळीकडे तिच्या नावामागे तो माणूस चिकटलेला. राबराब राबून वाढवलं आईनं, आणि सही केली की उमटायचा बाप. एके दिवशी तोफेनं ठरवलं, बस झालं. रीतसर प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, राजपत्रात सूचना छापून आणली. तिचं नाव आणि त्यामागे आईचं नाव. आडनावाला रजा.

राजपत्राचा तो अंक पुढे घर बदलताना हरवला. मग सरकारी ग्रंथालयात जाऊन जाडजूड बांधीव खंडातून तिनं पानाचा फोटो काढला. पान शिवणीकडे वळत होतं म्हणून तिथल्या शिपायानं ते दाबून धरलं. फोटोत डाव्या कडेला त्याचा अंगठाही आला होता. पण मजकूर स्वच्छ. वर राजपत्राचं नाव, भाग, पृष्ठ क्रमांक, प्रसिद्धीची तारीख; खाली सूचना; आणि सूचनेत कारण: स्वेच्छेने.

स्वेच्छेने! तेवढ्या एका शब्दासाठी प्रतिज्ञापत्राच्या वेळी ती वकिलाशी भांडली होती. तो म्हणाला होता, "वैयक्तिक कारणास्तव लिहू, सभ्य वाटतं." ती म्हणाली होती, "सभ्य नकोय, खरं हवंय."

आणि तोच शब्द या लोकांनी गिळला होता.

"बसा ताई, पाणी घ्या," मालक म्हणाला. त्यानं पत्र वाचलं, फाइल काढली, भाषांतर बघितलं आणि हसला. "एवढंच ना? सोपं आहे. तुम्ही एक शपथपत्र करून टाका, की लग्न झालं होतं, नंतर घटस्फोट झाला. विषय संपला."

"न झालेल्या लग्नाचा घटस्फोट?"

"कागदोपत्री हो."

"मग पोटगी पण कागदोपत्री मागू का?"

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

मालकानं दुसरा डाव टाकला. "तुमचा फोटो बघा ना ताई. अंगठा आलाय. अस्पष्ट असेल. आणि हे बघा, गॅझेटवर छापलेलंच असतं, मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी आमच्यावर नाही. सरकारच घेत नाही, तिथे आम्ही कोण?"

"ते गॅझेट म्हणतंय, लोकांनी दिलेल्या मजकुराबद्दल. तुमच्या कागदाच्या तळाशी दोन्ही भाषांत तुम्ही काय लिहिलंय? वाचा. मोठ्यानं वाचा."

मालक वाचेना. मग तिनंच वाचलं: "सदर अनुवाद मूळ मजकुराचा खरा आणि पूर्ण अनुवाद असल्याचे मी प्रमाणित करते." आणि विचारलं, "करते म्हणजे कोण? बोलवा तिला."

आतल्या टेबलावरून एक बाई उठून आली. चष्मा कपाळावर, पदराला शाईचा डाग. नोंदणीकृत अनुवादक ती होती; सही तिची, शिक्का तिच्या नावाचा. मालकाचं फक्त दुकान.

चष्मेवालीनं फोटो संगणकावर मोठा केला. अंगठा नुसत्या समासावर होता. अक्षरं बोराएवढी दिसत होती. तिनं भाषांतर शेजारी धरलं. पृष्ठ क्रमांक बरोबर. प्रतिज्ञापत्राची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख वेगवेगळ्या, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. जुनं नाव, नवं नाव, पत्ता बरोबर. आणि कारणाच्या ओळीत "विवाहामुळे".

"फोटो चांगला आहे," ती हळू म्हणाली. "साचा आपला आहे."

"कसला साचा?" तोफेनं विचारलं.

"नाव बदलल्याच्या सूचना बहुतेक बायकांच्या येतात, आणि बहुतेक लग्नानंतरच्या. म्हणून एक तयार मसुदा ठेवलाय. नावं, तारखा, पानं बदलायची. ही ओळ त्यात आधीपासूनच लिहिलेली असते." तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "ती बदलायची राहिली. नावं मी तीनदा तपासते. ही ओळ मी वाचलीच नाही."

"म्हणजे बाईनं नाव बदललं की नवरा असणारच. विचारायची गरजच काय, नाही का?"

चष्मेवालीनं पेन्सिलीनं त्या ओळीखाली रेघ ओढली.

मालक मध्ये पडला. "ठीक आहे, ठीक आहे. नवीन प्रिंट काढा. तोच क्रमांक, तीच तारीख, फक्त शब्द बदला. कुणाला कळतंय?"

"परिषदेला कळेल ना!" तोफ उसळली. "एकाच क्रमांकाचे, एकाच तारखेचे दोन कागद, एकात लग्न, एकात नाही. खोटारडी कोण ठरणार? तुम्ही इथे पंख्याखाली बसणार आणि माझं नाव तिकडे काळ्या यादीत. मला चूक लेखी पाहिजे. पहिला अनुवाद रद्द, चूक अनुवादकाची, अर्जदाराची नाही. असं स्पष्ट."

"असं लिहून दिलं तर माझ्या दुकानाला टाळं लागेल, ताई! उद्या प्रत्येक जण जुना कागद घेऊन उभा राहील."

"राहू दे की."

"मी नाही देणार."

"मग मीही नाही उठणार."

आणि ती खरंच दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. पाय पसरून, पर्स मांडीवर घेऊन. दार उघडलं की आत येणाऱ्याला आपुलकीनं विचारायची, "लग्न झालंय का? नाही? मग जपून हं. इथे आत जाताना एकटे असता, बाहेर येताना जोडीनं."

एक कॉलेजचा पोरगा घाबरून उंबऱ्यावरूनच परतला. एक आजोबा म्हणाले, "बाई, माझी गेली तिला वर्षं झाली. बघा काही जमतंय का." सगळे हसले. मालक मात्र हसला नाही.

"पोलिसांना बोलवीन!"

"बोलवा. त्यांनाही विचारते, लग्न झालंय का."

बाकाच्या टोकाला एक किरकोळ बाई इतका वेळ पिशवी छातीशी धरून बसली होती. ती कागद न्यायला आली होती. तिचं भाषांतर तयार होतं, हातात पडलं होतं. हसणं थांबल्यावर तिनं ते तोफेपुढे धरलं. "मला ही भाषा येत नाही, ताई. माझं बघता का? मी लग्नाचं नाव सोडलंय. माहेरचं परत घेतलंय. कोर्टाचा निकाल आहे माझ्याकडे."

तोफेनं कारणाची ओळ शोधली. वाचली. दात आवळले.

"विवाहामुळे," ती म्हणाली. "ज्याला सोडलंत त्याच्याशी तुमचं परत लावलंय यांनी."

त्या बाईनं आवाज चढवला नाही. फक्त म्हणाली, "किती मार खाल्लाय मी त्या नावासाठी."

चष्मेवाली पुढे आली. तिनं तो कागद हातात घेतला, ओळ वाचली, आणि मालकाकडे वळून म्हणाली, "साचा पुसतेय मी. आत्ता."

"बाई, विचार करा. माझ्या लेटरहेडवर एक अक्षर जाणार नाही."

"नको तुमचं लेटरहेड. शिक्का माझा आहे, क्रमांक माझा आहे. कोऱ्या कागदावर देते."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज दोन चुका दुरुस्त करायच्यात. जुन्या फाइलीही चाळते. नंतर ज्यांचं चुकलंय त्यांना कळवीन."

तिनं तोफेला शेजारी खुर्ची दिली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आधी कंसात: छायाचित्रावरून केलेला अनुवाद, मूळ अंक पाहिलेला नाही, डाव्या समासात पान धरणाऱ्याचा अंगठा, त्याखाली मजकूर नाही. मग राजपत्राचं नाव, भाग, पान, तारीख. मग प्रत्येक ओळ आपल्या भाषेत मोठ्यानं वाचायची, तिकडच्या भाषेत लिहायची, बोट ठेवून तोफेला दाखवायची. कारणापाशी ती थांबली.

"तिकडे याला एक गुळगुळीत शब्दप्रयोग आहे. वैयक्तिक कारण अशा अर्थाचा. परिषदेला सवयीचा असेल."

"गॅझेटमध्ये तो आहे का?"

"नाही."

"मग?"

चष्मेवालीनं लिहिलं: स्वतःच्या इच्छेने. खाली नवा क्रमांक, आजची तारीख, आणि वेगळ्या परिच्छेदात: पूर्वीचा अनुवाद रद्द समजावा, त्यातील विवाहाचा उल्लेख मूळ सूचनेत नाही, ही चूक संपूर्णपणे अनुवादकाची आहे. सही केली, फोटोच्या प्रतीवरही केली, शिक्का मारला. शिक्का सरळ उमटला.

"नोकरी गेली ना तुमची?" तोफेनं विचारलं.

"गेली असेल." तिनं शाईचं झाकण लावलं. "माफी मागू का तुमची?"

"लेखी मागितलीत की. पुरे झालं." मग किरकोळ बाईला हाक मारली, "या, बसा. आता तुमचा नंबर."

परिषदेचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. विवाह प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. नोंद दुरुस्त केली आहे. सोबत नोंदीची प्रत. तोफेनं ती घरी नेऊन आईपुढे ठेवली. आईनं ती उलटी-सुलटी करून बघितली.

"यात माझं नाव कुठाय?"

तोफेनं बोट ठेवलं.

"एवढंसं?"

"तिकडे एवढंच लिहितात, आई."

आईनं त्या परक्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुझ्या बापाला कळायला पाहिजे होतं हे."

"कुणी अडवलंय? गॅझेट सगळ्या जगासाठी छापतात," तोफ म्हणाली. "ग्रंथालयात जावं आणि वाचावं. पान मी सांगते."