खोक्यावरची किंमत

पोस्टमास्तर, म्हणजे पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, पण गल्लीसाठी अजून पोस्टमास्तरच, सकाळी साडेअकराला दुकानात शिरले ते हसत हसतच.

"ताई, कालच्यासारखा अजून एक कुकर द्या. लेकीसाठी. साडेनऊशे रुपये वाचतायत म्हटल्यावर हिला म्हटलं, एकावर कशाला थांबायचं!"

वहिनीने मागच्या थप्पीतलं खोकं ओढलं. दुकान तिच्या धाकट्या दिराचं. किमतींच्या पाट्या आणि वेबसाइटची पानं हे तिचं खातं. काउंटरवर खोकं ठेवताना बाजूची छापील पट्टी समोर आली. कमाल किरकोळ किंमत सोळाशे रुपये.

तिने वर पाहिलं. डोक्यावर तिच्याच हातचा फलक: 'छापील किंमत २४००. आमची किंमत १४५०. ४० टक्के सूट!' तिने एकोणचाळीस लिहिलं होतं, चाळीस भावजींनी करायला लावलं. फोटोसाठी आणि किमतीसाठी तिने काचेच्या कपाटातला नमुना घेतला होता. तो जुन्या लॉटचा, झाकणाची रिंग हरवलेला, विकायचाही नव्हता. कंपनीने मधल्या काळात किंमत उतरवली, आणि तिने नवं एक खोकंही उलटून पाहिलं नाही! वा गं शहाणी!

"आलेच हं," म्हणून ती आत गेली.

भावजी कॉम्प्युटरसमोर बसले होते. वेबसाइटवर याच सवलतीचं पान बाराला सुरू होणार होतं. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"हळू बोला!" भावजी दाराकडे बघत कुजबुजले. "वहिनी, दीडशे कुकर पडलेत. महिनाअखेर संपले नाहीत तर कंपनीची एजन्सी जाते, माहीत आहे ना? माझी सहा वर्षांची मेहनत आहे ती."

"माहीत आहे. चूक माझी आहे. पण सोळाशेवर दीडशे कमी म्हणजे जेमतेम नऊ टक्के होतात."

"नऊ टक्क्यांना कुत्रं तरी विचारेल का? समोरच्याने सत्तर लावलेत! बरं, 'चाळीस टक्क्यांपर्यंत' लिहा. मग खोटं नाही ना?"

"पर्यंत म्हणायला एका तरी कुकरवर चाळीस टक्के सूट हवी ना, भावजी? एकावरही नाही."

"किंमत तर तीच घेतोय! जास्त एक पैसा घेतलाय का कुणाकडून?"

पैसा खरंच जास्त घेतला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं होती, आणि भावजींचा चेहरा असा पडलेला की तिला रडूच यायचं बाकी राहिलं. एजन्सी गेली तर बोट तिच्याकडेच दाखवलं जाणार, आणि ते बरोबरच असणार.

ती बाहेर आली. पोस्टमास्तर पाकीट काढून तयार होते. मागे दारात भावजी उभे राहून डोळ्यांनी दटावत होते. तिने खोकं फिरवलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"काका, फलक चुकलाय. मी चुकवलाय. छापील किंमत सोळाशेच आहे. तुमचे साडेनऊशे नाही, दीडशेच वाचले. कालचाही परत करायचा असेल तर सगळे पैसे देते."

पोस्टमास्तरांनी चष्मा लावला. पट्टी वाचली, मग परत वाचली.

"म्हणजे... मी काल शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटलो ते?" आवाज एकदम बारीक झाला. त्यांनी फोन काढला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवरच लावला. "अगं, ऐक. त्या कुकरची गंमत झाली. त्याची खरी किंमत..."

"सोळाशे," पलीकडून बायको म्हणाली. "कालच वाचलं मी खोक्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? इतके खूश होऊन आला होतात. म्हटलं, राहू दे."

फोन बंद झाला. पोस्टमास्तरांनी पाकीट खिशात घातलं. "कुकर चांगला आहे, तो राहू दे. दुसरा आज नको," म्हणाले आणि मान खाली घालून पायऱ्या उतरले. आले तेव्हाचे पोस्टमास्तर हे नव्हेतच.

वहिनीला मागे वळायचा धीर होईना. स्टूल ओढल्याचा आवाज आला. भावजी वर चढून फलकाची दोरी सोडत होते.

"जास्त पैसा नाही घेतला म्हणत होतो मी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. मग घसा खाकरला. "वेबसाइटवर छापील किंमत सोळाशे टाका. नमुना नको, नव्या खोक्याचा फोटो. आणि साधं लिहा, दीडशे रुपये कमी."

"आणि एजन्सी?"

भावजींनी फलक खाली उतरवून भिंतीला उलटा टेकवला. बाराला पाच कमी होती. ती खोकं उचलून आत धावली.