स्प्रिंकलरचा शॉट

आंजी गावच्या भाजीपाला गटाची जाहिरात एका दिवसात उरकायची होती, म्हणून दिग्दर्शिका वर्षालीने शॉटची यादी उजेड पाहून लावली होती. सकाळी मेथीची काढणी, दुपारी सावलीत मुलाखती आणि शेवटी, उतरत्या उन्हात, चमकणारे स्प्रिंकलर. त्या शेवटच्या शॉटवरच अख्खी जाहिरात उभी होती.

पहिल्या मुलाखतीसाठी माइक लावून घेताना गटप्रमुख रूपराव सहज म्हणाले, "पोरी, लाइन तर दोन वाजता जाते. मंग मोटर कशी चालन?"

"काका, मी फोनवर विचारलं होतं ना?"

"तवा संध्याकाळपावतर राहे. या हप्त्यात लोडशेडिंगची पाळी बदलली."

वर्षालीने ओठ आवळले. मुलाखती पुढे ढकलून तिने भर उन्हात स्प्रिंकलर सुरू करायला लावले. कॅमेरामन नयनने मागे आंब्याचं गर्द झाड धरून, खाली बसून तीनदा शॉट घेतला. पाणी चुन्यासारखं पांढरंच दिसत होतं.

मुलाखती संपल्या तेव्हा वावरभर हवा तसा सोनेरी उजेड पसरला होता आणि तोट्या कोरड्या उभ्या होत्या.

"रात्री येते लाइन," रूपराव म्हणाले. "थांबता का?"

वर्षालीने ट्रायपॉड मिटायला घेतला.