म्हशीवरच्या आकृत्या

सोनाळ्याच्या शाळेचा फळा उधईनं, म्हणजे वाळवीनं खाल्ला, तोही पाढ्यांच्या बाजूनं. संयुक्त महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती, नवा फळा मात्र वाटेतच होता. अन् चौथीतली रुख्मिणी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होती. पास झाली तर पुढं शाळा, नाही तर आपल्यासोबत कापूस वेचायला, असं तिच्या आईनं, जनकाबाईनं साफ सांगून टाकलं होतं.

तुळशीराम गुरुजींनी मग गावातल्या पंजाबरावांची म्हैस मागून आणली. तिच्या काळ्या कुशीवर ते चुन्यानं आकृत्या काढत. नुसती रेघ ओढली की वर्तुळ रिकामं, आत चुना भरला की भरीव. मोठ्या रिकाम्या वर्तुळाचं लहान भरीव वर्तुळ झालं, तर मोठ्या रिकाम्या चौकोनाचं काय होईल? रुख्मिणी लहान भरीव चौकोनावर बोट ठेवी. आकृती फिरवून दाखवायची असली की गुरुजी म्हशीला आडवं लोळवत. खोटं वाटत असेल तर सोनाळ्यात विचारा. म्हैस आता नाही, हे खरं.

परीक्षा जळगाव जामोदला होती. रुख्मिणी आत गेली अन् गुरुजी बाहेर लिंबाखाली बसले. शेजारी बसलेल्या दुसऱ्या मास्तरांकडं सरावाची छापील प्रश्नपत्रिका होती. गुरुजींनी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली अन् गार पडले. कागदावर रिकामी आकृती पांढरी होती अन् भरीव काळी. म्हशीवर सगळं याच्या उलट होतं. पोरीच्या डोक्यात आपण चुना भरला, आता तिची शाळा गेली, असं त्यांच्या मनानं घेतलं. शेजाऱ्यानं चहा दिला, तो त्यांच्या हातातच निवला.

घंटा झाली. रुख्मिणी बाहेर आली तशी गुरुजींनी चाचरत विचारलं, आकृत्या उलट्या नव्हत्या का?

"हाव, होत्या ना," ती म्हणाली. "पण दोन्ही जोड्यांत उलट्या होत्या. पह्यल्या जोडीत मोठं पांढरं होतं, ते बारीक अन् काळं झालं. मंग दुसऱ्या जोडीत पांढऱ्या मोठ्या चौकोनाचा बारीक काळा चौकोन झाला पाह्यजे. त्याले भरीव म्हणा का रिकामा, मले काय करा लागते?"

"अन् वेगळी आकृती ओळखायचा प्रश्न?"

"तीन काळ्या, एक पांढरी. पांढरी वेगळी. म्हशीवर तीन पांढऱ्या अन् एक काळी असती, तरी तीच वेगळी निघाली असती."

गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, मग डोळेही.

निकाल लागला, रुख्मिणी शिष्यवृत्तीत आली. दुसऱ्या दिवशी जनकाबाई शाळेत आली, ती भांडायलाच आल्यासारखी.

"गुरुजी, इले पाचवीत टाका. घरी ठेवून काई फायदा नाई. काल पह्यली भाकर जळली, त दुसरीबी जाळली. म्हंते, दोन्ही जोड्यांत बदल सारखाच झाला पाह्यजे."