तेरा पॉइंट एक

उल्काताईला आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, हे सुधन्वाने कुणालाही न विचारता ठरवलं होतं. ताईचं यकृत निकामी होत चाललं होतं. यतीनभावोजींचा रक्तगट जुळत नव्हता, सुधन्वाचा जुळत होता. तो बेचाळीस वर्षांचा, गुडगावात नोकरी करणारा, दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेला. अडचण येण्याचं कारणच नव्हतं.

तपासण्यांत इलास्टोग्राफी झाली. बरगड्यांवर टिचक्या मारल्यासारखं वाटलं आणि आकडा आला, चौदा पॉइंट दोन किलोपास्कल.

"यकृत किती कडक झालंय त्याचं हे माप," डॉक्टर म्हणाल्या. "आठच्या खाली काळजी नसते. बाराच्या वर गेलं की आत बरेच व्रण असल्याची शंका येते. खाऊन आलात का?"

"पराठे खाल्ले होते."

"मग पुन्हा करू. खाल्ल्यावर आकडा वाढतो, सूज असली तरी वाढतो. तीन तास उपाशी या."

आकडा पराठ्यांमुळेच वाढला, या समजुतीवर सुधन्वाने आठवडा काढला. ताईलाही सांगितलं, "मशीनने माझे पराठेच मोजले." ती हसली.

शुक्रवारी तो उपाशी गेला. मशीनने घेतलेली दहाही मोजमापं एकमेकांच्या जवळ होती. तेरा पॉइंट एक. रक्तात साखर वाढलेली, सोनोग्राफीत यकृतावर चरबी.

"तुम्हाला दाता होता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"सिरोसिस आहे?"

"एकट्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. पण व्रण आहेत असंच धरून चालायचं. प्लेटलेट चांगल्या आहेत, त्यामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते बघायची एंडोस्कोपी आज नको. वजन दहा टक्के उतरवा, साखर ताब्यात ठेवा. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी. वर्षाने पुन्हा हाच स्कॅन, याच मशीनवर, उपाशीपोटी."

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ताई उशीला टेकून बसली होती. तिचे डोळे पिवळे झाले होते. सुधन्वाने सगळं सांगितलं.

"माझ्यासाठी गेलास म्हणून निदान कळलं तरी," ती म्हणाली. "आता माझं सोड. चालायला लाग."

त्याला रडू आवरलं नाही. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मृत दात्याचं यकृत मिळण्यासाठीच्या यादीत तिचं नाव होतं, पण नंबर लागला नाही. फेब्रुवारीत ती गेली.

सुधन्वा रोज तासभर चालत राहिला. अकरा किलो उतरले. वर्षाने आकडा आला नऊ पॉइंट चार. डॉक्टरांनी बजावलं, "सुधारणा आहे. काही सूज उतरली असेल, काही व्रणही. पण अजून मधल्या टप्प्यात आहात. तपासण्या सोडू नका."

तिथून तो थेट भावोजींकडे गेला. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला.

"हा आकडा तेव्हाच आला असता तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तरी माझं यकृत घेतलं नसतं, भावोजी. मी विचारलं डॉक्टरांना."

यतीन रिपोर्टची घडी घालत राहिले. मग उठून त्यांनी चहा टाकला, बिनसाखरेचा, दोघांपुरता.