मोनरोव्हिया न पाहिलेलं जहाज

१९७२ सालच्या उन्हाळ्यात जहाजावरचा रेडिओ ऑफिसर श्रीमंत दरंदले सोनईला परतला आणि अंघोळीआधी आसारामतात्यांच्या घरी गेला. तात्यांचा मुलगा कानिफनाथ त्याच्याच जहाजावर इंजिनात तेलवाला होता. सात महिन्यांपूर्वी तापाने गेला. त्याला समुद्रातच सोडलं होतं.

तात्यांनी मृत्यूचा दाखला पुढे केला. मूळ कागदावर ‘लायबेरियन जहाजावर’ असं होतं. गावच्या नोंदीत ‘जहाजावर’ गळालं आणि कागदोपत्री कानिफ लायबेरियात मेला.

“राख न्हाई, हाडं न्हाई. निदान तिथली मूठभर माती मागवली,” तात्या म्हणाले. “तीन पत्रं धाडली सरकारला. ते म्हनतात, मालकाला इचारा.”

कानिफच्या आईने, रंगुबाईंनी, मातीसाठी तांब्या घासून ठेवला होता. क्रियाकर्म अडलं होतं.

“तात्या, जहाज कधी लायबेरियाला गेलंच नाही.”

“जहाजाच्या मागं नाव लिवलंय की! मोनरोव्हिया. फोटोत दिसतंय.”

“ते लायबेरियातलं, पण नुसतं नोंदणीचं बंदर. मालक ग्रीसचा. ग्रीसमध्ये नोंदवलं तर कर जास्त, खलाशी त्यांच्याच देशाचे ठेवा, नियम पाळा. म्हणून लायबेरियात एक कंपनी काढली, जहाज तिच्या नावावर. झेंडा तिकडचा, कायदा तिकडचा.”

“मग कंपनीतल्या मान्साला इचार.”

“माणूस नाही. नुसती पाटी आहे.”

“अन् नोंदवही?”

“तिचं काम अमेरिकेतून चालतं.”

तात्यांनी दाखल्याची घडी घातली. मग म्हणाले, “आमच्या रानाचा सात-बारा बरा म्हनायचा. चुकलेला असला तरी गावात असतो.”

श्रीमंतला हसू आलं नाही. त्याने शेजारच्या पोरीचा नकाशा मागितला. कानिफ गेल्याची बिनतारी खबर त्यानेच पाठवली होती. अक्षांश-रेखांश पाठ होते. सुएझ कालवा बंद, म्हणून जहाज आफ्रिकेला वळसा घालून चाललं होतं. आफ्रिकेच्या खाली, निळ्या भागात त्याने पेन्सिलीने टिंब काढलं.

रंगुबाई वाकल्या. “जवळचं गाव कंचं?”

“गाव नाही, मावशी.”

“अन् झेंड्याचं गाव?”

“तीन हजार मैल.”

“त्याच्या अंगावर काय घातलं हुतं रं?”

“झेंडा. लायबेरियाचा. जहाजाचाच घालतात.”

“त्या देसाचं कुनी हुतं का जहाजावर?”

“एकही नाही. कप्तान ग्रीक, बाकी आम्ही भारतातले.”

“झेंड्यासकट सोडलं?”

श्रीमंतने खोटं बोलायचा विचार केला. “नाही. सोडताना काढून घेतात. एकच असतो.”

“म्हंजी तेवढंबी न्हाई गेलं त्याच्यासंगं.”

त्यांनी टिंबावर तळहात ठेवला. ताप बघतात तसा.

“उद्या प्रवरासंगमला जाऊ,” तात्या म्हणाले. “सगळं तिथं करू. पानी शेवटी समुद्रालाच जातंय. व्हय ना श्रीमंता, त्याच समुद्राला?”

संगमाचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं. टिंब भलत्याच समुद्रात होतं. श्रीमंतला दोन्ही ठिकाणं नीट माहीत होती.

“व्हय तात्या,” तो म्हणाला. “त्याच.”