करीच्या दिवशीचा मासा

"आता सांगतो ते तुमाला पटायचं न्हाई," एवढं म्हटल्याशिवाय आप्पाराव मुंजाजीच्या हॉटेलात चहाला तोंड लावत नसे. आणि मग कटला यायचा. माजलगावच्या धरणात संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन करीला, आप्पारावनं एकट्यानं धरलेला कटला मासा. पहिल्यांदा तो हातभर होता. वर्षभरात बैलगाडीएवढा झाला. इतक्यांदा सांगून आप्पारावला स्वतःलाच त्याचे डोळे आठवायला लागले होते.

अडचण एवढीच झाली की, करीच्या त्याच दिवशी त्याला रजिस्ट्री ऑफिसात असायचं होतं.

रस्त्याकडेचं एकरभर रान त्यानं सटवाला विकायचं ठरवलं होतं. सटवा मेंढ्यांवाला. दर साली त्याचा कळप त्या रानात बसायचा, लेंड्यांचं खत पडायचं, आणि यंदा त्याची बायको भामाबाई म्हणाली होती, "फिरून फिरून पाय झिजले, आता ह्याच बाभळीखाली घर बांधू." इसार देऊन इसारपावती झाली, दोघांच्या सह्या झाल्या, खरेदीखताची तारीखही पडली. ती करीची निघेल हे कुणी कॅलेंडरात पाहिलंच नाही. करीला कुणी शुभ काम काढतं का? आप्पाराव गेला नाही. सटवा मात्र बँकेचा ड्राफ्ट घेऊन ऑफिस बंद होईस्तोवर भामाबाईसकट बाकावर बसून राहिला.

पुढं रस्ता रुंद व्हायची बातमी आली, आणि आप्पारावला रान एकदम लई जिवाभावाचं वाटायला लागलं. त्यानं भाव वाढवून मागितला. सटवानं आधी वकिलाची नोटीस पाठवली, मग दावा लावला, की ठरल्याप्रमाणं खरेदीखत करून द्यायला कोर्टानं भाग पाडावं.

आप्पारावच्या बाजूला रामप्रसाद वकील. त्यांनी जबाब तयार केला: आपण ठरल्या दिवशी ऑफिसात दिवसभर थांबलो, घेणाराच आला नाही, त्याची तयारीच नव्हती, म्हणून करार मोडला. आप्पारावनं शपथपत्रावर झोकात सही केली.

"साक्षीला विचारतील तेवढंच बोला," रामप्रसाद म्हणाले.

"मी कावून जास्ती बोलतोय?" आप्पाराव म्हणाला.

तारखेला मुंजाजीनं हॉटेल बंद ठेवलं. सगळी गिऱ्हाइकं कोर्टात मागच्या बाकांवर येऊन बसली. सटवाच्या वकीलबाई ऋतुजा उलटतपासणीला उठल्या.

"करीच्या दिवशी तुम्ही दिवसभर रजिस्ट्री ऑफिसात होता?"

"होतो की."

"मग धरणावर कटला कोणी धरला?"

आप्पारावनं टोपी काढून परत घातली. मागच्या बाकांवरची मंडळी पुढं सरकून बसली.

"मला वाटतं ती थापच असणार," ऋतुजाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "कुठला मासा अन् कुठलं काय. तसं सांगून टाका. म्हणजे तुम्ही ऑफिसात होता, हे कोर्टाला पटेल."

आप्पारावनं वळून पाहिलं. मुंजाजी, त्याचं रोजचं गिऱ्हाईक अजिनाथ, सगळी चहाबाज मंडळी टक लावून बसलेली. मासा खोटा म्हटलं तर रान वाचण्याची आशा होती. पण मग उद्या सकाळी कुठल्या तोंडानं कप उचलायचा? जन्मभर गावातली पोरंटोरं विचारतील, कसा हाय मासा? रामप्रसाद वकील टेबलाखाली मुठी आवळून त्याच्याकडं बघत होते.

"मासा खरा हाय," आप्पाराव म्हणाला. "सकाळधरनं अंधार पडंस्तोवर धरणावरच होतो मी."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे टंकलेखकाला सांगितलं, "लिहा. त्या दिवशी मी धरणावर होतो, हे खरे आहे."

"अन् लांबी बी लिवा, साहेब," आप्पाराव म्हणाला.

लांबी लिहिली गेली नाही. रामप्रसादांनी कागद आवरायला घेतले.

हुकूमनामा सटवाच्या बाजूनं झाला: त्यानं उरलेली रक्कम कोर्टात भरावी, आप्पारावनं मुदतीत खरेदीखत करून द्यावं, नाही दिलं तर कोर्ट त्याच्या वतीनं करून देईल. सटवानं चार दिवसांत रक्कम भरली.

"आपल्या जमिनीच्या कागदावर दुसऱ्याची सही कशी चालंल बे," म्हणत आप्पाराव स्वतःच रजिस्ट्री ऑफिसात आला. ऐन वेळी निसटू नये म्हणून बायको भिवराबाई संगतीला होती. भामाबाई त्याच जुन्या बाकावर बसली होती. या खेपेला तिनं पेढे आणले होते.

अंगठा उमटला, फोटो निघाला. कारकुनानं सहज विचारलं, "एवढ्या मोक्याची जमीन कशी काय सोडली, काका?"

आप्पारावची मान ताठ झाली.

"आता सांगतो ते तुमाला पटायचं न्हाई. करीचा दिवस. मी धरणावर गेलतो. असा कटला गावला की मोटारसायकलवर आडवा टाकला तर शेपटी धुळीत फरफटत..."

"आवो," भिवराबाई पेढा तोंडात टाकत म्हणाली, "त्या दिवशी तर तुमी दिवसभर बाजेवर पडून घोरत होता."