तापाचा रकाना

विरुपाक्ष सोलापूरच्या जिल्हा पोलीस कचेरीत गुन्ह्यांच्या आकड्यांचा कारकून होता. ठाण्याठाण्यांतून आलेले तक्ते जुळवायचे, बेरजा मारायच्या आणि वर्षाचा अहवाल पुण्यास जाण्याआधी साहेबांपुढे ठेवायचा, हे त्याचं अकरा वर्षांचं काम. बेरीज चुकली असं कधी कोणी म्हटलं नव्हतं.

एकोणीसशे एकोणतीसच्या जानेवारीत कुरडगी ठाण्याचा तक्ता त्याच्या हाती आला. सव्वीस साली चोऱ्या अडतीस, सत्तावीस साली एकतीस, अठ्ठावीस साली सहा. दुखापती बारावरून एकावर. खून शून्य. साहेब खूश झाले. तिथल्या फौजदाराला बक्षीस द्यावं असा शेरा त्यांनी स्वतः लिहिला आणि कारणाचा रकाना भरायला तक्ता विरुपाक्षाकडे परत पाठवला.

"गस्त वाढवल्यामुळे, असं लिही," हेडक्लार्क म्हणाले.

विरुपाक्षानं टाक उचलला. पण गस्तीची वही समोरच होती आणि तिच्यात गस्त वाढलेली नव्हती. शिपाई तेवढेच, फेऱ्या उलट कमी. मग चोर गेले कुठं?

मधल्या सुट्टीत तो मामलेदार कचेरीत गेला. तिथं चन्नवीर जन्ममृत्यूचे कागद सांभाळायचा. गावचा पाटील दर महिन्याला कोण मेलं आणि कशानं मेलं हे लिहून पाठवी: पटकी, देवी, ताप, इजा. हे कागद आरोग्यखात्याकडे जात. पोलिसांचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

"तुला मेलेल्यांचं काय करायचंय?" चन्नवीरनं विचारलं.

"मोजायचेत."

कुरडगी ठाण्याखालच्या गावांत वर्षभरात इजेनं चौदा माणसं मेली होती. ठाण्याच्या अकस्मात मृत्यूच्या वहीत पाच होती. एकाच मुलखातली, एकाच सालातली नऊ माणसं एका खात्याला मेलेली ठाऊक होती आणि दुसऱ्याला नव्हती.

त्या दिवसापासून विरुपाक्षाला शून्य लिहवेना. खुनाच्या रकान्यात टाक टेकवला की टेबलापलीकडं कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. मान वर करावी तर समोर भिंत, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. कचेरीत माणसं बोलत असायची, दारातला पट्टेवाला पेंगत असायचा, आणि तरी त्याला कुणाच्या तरी ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकल्याचा आवाज येई. बायको बसम्मा म्हणाली, "जेवताना बोटांवर काय मोजता?" त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं.

दोन दिवसांची रजा काढून तो मंद्रूपपर्यंत मोटारीनं गेला आणि तिथून पायी कुरडगीच्या बाजूला निघाला. नऊ नावं चिठ्ठीवर होती. पहिलं नाव होतं मायाप्पा, धनगर, वय सव्वीस, इजा. त्याचं घर गावाबाहेर, मेंढ्यांच्या वाड्याच्या काट्याकुपाटीला लागून होतं. दारात त्याची आई गोजाबाई लोकर विंचरत बसली होती.

"मी सोलापूरच्या कचेरीतला. तुमच्या मुलाबद्दल विचारायला आलो, मावशी."

तिनं हात थांबवले नाहीत. "आता व्हय? आषाढात मेला त्यो."

"कसा?"

"दोन मेंढ्या नेल्या चोरांनी. मायाप्पा आडवा गेला, तर डोस्कं फोडलं. तीन दिवस जगला. त्याला गाडीत घालून ठाण्यावर नेलं की आमी. फौजदार म्हनला, धनगराच्या मेंढ्या धनगरच चोरतो, आधी तुझ्या भावकीला आत घालतो. मग लिहितो. काय करनार? गाडी फिरवली."

"नंतर परत नाही गेलात?"

"कुनासाठी जायाचं?"

विरुपाक्षानं चिठ्ठीवर खूण केली. खाली आणखी आठ नावं होती. आठ घरं फिरून सारं लिहून साहेबांपुढं ठेवलं, की वह्या जुळतील, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात गोजाबाई म्हणाली, "तिचं न्हाय लिवलं का?"

"कुणाचं?"

"बनाबाईचं. सुनंचं माज्या."

त्यानं चिठ्ठी वरखाली पाहिली. बनाबाई कुठंच नव्हती.

"दिवाळी झाल्यावर गेली. मेंढ्या नेनारे दोगं तिनं वळखले व्हते. बाजारात दिसले तिला. सोलापुरात जाऊन मोठ्या सायबाला सांगते म्हनली. दुसऱ्या दिशी हिरीत." गोजाबाईनं हातातली फणी खाली ठेवली. "पडली, उडी टाकली, का कुनी ढकलली, द्येवाला ठावं. कुनी बगितलं न्हाय आन् कुनी इचारलं बी न्हाय. पाटील म्हनला, ताप लिवतो. फौजदारानं ताकीद दिलीया, हिरीतलं मढं माज्या ठान्यात आनायचं न्हाय, इजा लिवायची न्हाय."

"सगळ्याच गावांच्या पाटलांना?"

"मला काय ठावं? आमच्या पाटलाला तर दिलीया."

विहीर वाटेवरच होती. पाणी वरपर्यंत होतं, पण काठावर घागर नव्हती, दोराची ओल नव्हती. दोन बायका रिकाम्या घागरी घेऊन लांबच्या ओढ्याकडं निघाल्या होत्या. विहिरीच्या बाजूला आल्यावर त्यांचं बोलणं थांबलं, आणि पुढं गेल्यावर पुन्हा सुरू झालं.

विरुपाक्षानं उरलेली घरं पाहिली, जबान्या लिहून घेतल्या. पण परतताना मोटारीत त्याच्या डोक्यात त्या नऊ जणांपैकी कोणी नव्हतं. चन्नवीरच्या कागदावर त्यानं तापाचा रकाना पाहिलाच नव्हता. सोलापुरात उतरल्यावर घरी न जाता तो थेट मामलेदार कचेरीत गेला. दिवाळीनंतर कुरडगीच्या गावांत इजेनं एकही मेलं नव्हतं. तापानं तेवीस गेली होती. आदल्या वर्षी त्याच दिवसांत अकरा.

"साथ असेल," चन्नवीर म्हणाला.

"असेलही."

तेच तर होतं. कोणी खरंच तापानं फणफणून गेलं होतं, कोणी विहिरीतून ताप म्हणून बाहेर आलं होतं, आणि कागदावर सगळी सारखी होती. बनाबाई त्याला कळली, कारण गोजाबाईनं विचारलं. बाकीच्यांमागं विचारणारं कोणी उरलंच नसेल तर? नऊ माणसं त्याला दोन वह्यांच्या फटीत सापडली होती. तापाखाली दडलेली ही माणसं दोन्ही वह्यांना ठाऊक नव्हती. कोणत्याही बेरजेनं ती वर येणार नव्हती.

त्यानं साहेबांना चार पानी टिपण दिलं. शेवटी शेरा नव्हता, प्रश्न होते. चोऱ्या कमी झाल्या की फिर्यादी कमी झाल्या? ठाण्यावर येऊन परत गेलेल्या माणसाची नोंद कोणत्या वहीत होते? मरणाचं कारण लिहिणारा कुणाला भितो? हेडक्लार्कांनी टिपण वाचून कपाळावर हात मारला, पण पुढं धाडलं. साहेब सरळ माणूस होते. चौकशी झाली, बक्षीस बारगळलं, फौजदार दूर बदलून गेला. मायाप्पाची फिर्याद आठ महिन्यांनी दाखल झाली. चोर तोवर मुलूख सोडून गेले होते. बनाबाईची दाखल झाली नाही. ती तापानं मेल्याचं सरकारी कागदावर होतं.

कुरडगीला ईश्वरप्पा नावाचा नवा फौजदार आला. येईल त्याची फिर्याद तो लिहून घेई. गोजाबाईसारख्या बायका दोन दोन कोस चालत येऊ लागल्या.

पुढच्या जानेवारीत तक्ता आला. चोऱ्या सत्तावन्न. दुखापती एकोणीस. खून तीन. साहेब रजेवर विलायतेस गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी तांबड्या शाईनं लिहिलं: ठाण्याची स्थिती फार बिघडली, फौजदाराकडून खुलासा घ्यावा. विरुपाक्षानं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'गुन्हे वाढले नसून नोंद वाढली असावी.' हेडक्लार्कांनी ते खोडलं. "असावी म्हणजे काय? पुरावा दाखव."

नऊ मेलेल्यांच्या जबान्या होत्या, पण न लिहिलेल्या चोऱ्यांचा पुरावा त्याच्यापाशी नव्हता.

ईश्वरप्पा खुलासा घेऊन स्वतः कचेरीत आला. टोपी काढून विरुपाक्षासमोर बसला. वर्षभरात थकलेला दिसत होता.

"कारकूनसाहेब, खरं सांगा. पुढल्या साली हे आकडे असेच आले, तर मला ठेवतील?"

"नाही ठेवणार."

"मग लिहायचं बंद करू?"

विरुपाक्षानं मान वर केली. टेबलाच्या पलीकडं, ईश्वरप्पाच्या खुर्चीमागं, नकाशाच्या भिंतीला टेकून कोणीतरी उभं होतं. यंदा एकटं नव्हतं. त्यानं त्यांच्याकडं पाहायचं टाळलं नाही.

"लिहा," तो म्हणाला. "तुम्ही आहात तोवर लिहा."

ईश्वरप्पानं मान हलवली, टोपी घातली आणि तो मंद्रूपची मोटार गाठायला निघून गेला. विरुपाक्षानं पुढचा तक्ता ओढला. दुसऱ्याच ठाण्याचा होता. चोऱ्या चार, खून शून्य, शेरा उत्तम.